अनुभव धागा: सेल्सच्या इंटरव्ह्यूला सांगितलेले (आणि सांगायचे राहिलेले) किस्से

कृष्णाकाठ
भाच्याचा गुरुवारी इंटरव्ह्यू आहे, एमआरचा, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीचा. काल फोनवर म्हणाला, "मामा, चिकाटीचं उदाहरण विचारतात म्हणे, काय सांगू?" आणि मला माझा 2009 चा इंटरव्ह्यू आठवला. मी जोरात सांगितलेलं की एक डॉक्टर आमचं औषध लिहीत नव्हते, मी अकरा वेळा गेलो, शेवटी सरांनी लिहिलं. समोरच्याने विचारलं, "अकराव्या वेळी काय वेगळं केलंस?" मी गप्प. घडलं होतं खरं वेगळं, पण ते सांगण्यासारखं आहे हेच कळलं नव्हतं. चौथ्या-पाचव्या भेटीत डॉक्टर म्हणालेले, पेशंट परत येतो, खाली औषध मिळत नाही. मग मी खालच्या केमिस्टकडे गेलो, तो म्हणे माल पडून राहिला तर कोण घेणार. स्टॉकिस्टशी बोलून न खपलेला माल परत घ्यायची कबुली मिळवली, 10 स्ट्रिप ठेवायला लावल्या, आणि मग वर जाऊन सांगितलं की सर, आता खाली मिळतं. तिसऱ्या महिन्यात त्या एका दुकानातून 45 स्ट्रिप जायला लागल्या. इंटरव्ह्यूत गप्प बसलो म्हणून तो जॉब हातचा गेला. पुढच्या इंटरव्ह्यूत हेच नीट सांगितलं आणि लागलो. तुमचे अनुभव लिहा, भाच्याला वाचून दाखवतो.

शुभदा_प
अकरा फेऱ्या 😀 आमचे हे पण एमआरच होते, बाईकवर फिरून कंबर गेली. भाच्याला म्हणावं आधी चांगले बूट घे.

रोखठोक७
आकडा मोठा सांगायचा, विषय संपला. "सेल डबल केला" म्हणा, कोण तपासतंय.

जुना_एरिया_मॅनेजर
@रोखठोक७ मी तपासायचो. चौदा वर्षं माणसं निवडली. डबल म्हणाला की माझा पहिला प्रश्न, कितीवरून किती आणि किती महिन्यांत? दोन हजाराचे चार हजार पण डबलच. दुसरा प्रश्न, प्रायमरी की सेकंडरी, म्हणजे कंपनीने स्टॉकिस्टला विकलेलं की स्टॉकिस्टकडून दुकानांना गेलेलं? इथे निम्मे अडकायचे. कारण महिनाअखेरीला स्टॉकिस्टच्या गळ्यात माल मारून कंपनीची विक्री फुगवता येते, पण माल त्याच्या गोडाऊनमध्येच बसतो आणि पुढच्या महिन्यात ऑर्डर येत नाही. म्हणून मी लगेच विचारायचो, क्लोजिंग स्टॉक किती होता? ज्याने खरंच विकलंय त्याला हे पाठ असतं.
भाच्याला सांगा, वाक्य असं बांध: "माझ्या एरियाची सेकंडरी महिना 1 लाख 80 हजार होती, सहा महिन्यांत 2 लाख 60 हजार झाली, स्टॉकिस्टकडचा स्टॉक वाढला नाही." आणि पूर्ण रिजनच वाढलं असेल तर तेही आपणहून सांगायचं, त्यातलं आपलं किती ते वेगळं काढायचं. टक्के शेवटी.

रोखठोक७
ओके, पण ग्रोथ तर सांगावीच लागते ना. आकडा मोठा असेल तरच लक्षात राहतो हे मी अजून म्हणेन.

पेठेतली_मुलगी
भाचा फ्रेशर आहे का? मग त्याच्याकडे सेकंडरी कुठून येणार?? मी बँकेच्या सेल्सला गेले तेव्हा मंडळाच्या स्मरणिकेच्या जाहिरातींचं सांगितलं होतं. 64 दुकानं, पहिल्या फेरीत 9 जाहिराती. आम्ही संध्याकाळी जायचो, गिऱ्हाईक असायचं, मालक तोंडाकडे बघत नव्हते. दुसऱ्या फेरीत दुपारी अडीचला गेलो, मागच्या वर्षीच्या अंकात शेजारच्या दुकानाची जाहिरात होती ते पान उघडून समोर धरलं, आणखी 14 आल्या. एकूण 23, प्रत्येकी 500. घेणाऱ्याने विचारलं, उरलेले 41 का नाही म्हणाले? तयारी नव्हती पण खरं होतं म्हणून सांगता आलं, बरेचसे नाही म्हणणारे भाडेकरू होते, मालक दुसरीकडे.

कृष्णाकाठ
@पेठेतली_मुलगी हो फ्रेशर, बी.फार्म. कॉलेजच्या रक्तदान शिबिराला हा हॉस्टेलच्या खोल्या फिरून नावं गोळा करायचा, त्याची वही शोधायला लावतो.

सांगलीची_मावशी
माझ्या मुलाला तर पगार किती अपेक्षित विचारलं, तो आकडा कसा सांगायचा? कुणी सांगेल का

जुना_एरिया_मॅनेजर
मावशी तो वेगळा आकडा, वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.
@कृष्णाकाठ वही मिळाली तर उत्तम. किती खोल्या, किती हो म्हणाले, त्यातले प्रत्यक्ष किती आले. हो म्हणून न येणारे किती आणि त्यांना आणायला काय केलं, तिथेच किस्सा आहे.

घाटावरचा
टार्गेट चुकलेलं सांगावं का? मी 82 टक्क्यांवर अडकलेलो ते वर्ष सांगितलं, कारण आणि पुढच्या तिमाहीत काय बदललं तेही. निवड झाली. पण माझ्या मित्राने तेच केलं, त्याला नाही घेतलं.

जुना_एरिया_मॅनेजर
मी घेतलं असतं. माझ्या वरचे साहेब मात्र टार्गेट चुकलेल्याला पुढे ऐकूनच घेत नसत. समोर कोण बसलाय त्यावर आहे.

शुभदा_प
वही सापडली का?

कृष्णाकाठ
सापडली!! 118 खोल्या, 70 हो, आले 38. आता त्या 32 जणांचं काय झालं ते आठवत बसलाय.