एसएपी फ्रेशर मुलाखत: दोनशे प्रश्न पाठ करायचे की एक खरेदी शेवटपर्यंत समजून घ्यायची?

नवी_उमेदवार (नाशिक)
बीकॉम झालंय, एसएपी एमएमचा चार महिन्यांचा क्लास केलाय. पुढच्या आठवड्यात पुण्यात मुलाखत आहे. क्लासने दोनशे प्रश्नांची पीडीएफ दिली आहे: मॉड्यूल, टी-कोड, प्रोजेक्टचे टप्पे वगैरे. सगळं पाठ करू का? नसेल करायचं तर सात दिवसांत काय वाचू?

खरेदी_ते_देणी
मी एमएममध्ये बरीच वर्षं काम करतो आणि फ्रेशरच्या मुलाखतीही घेतो. माझं मत सरळ सांगतो: पीडीएफ बाजूला ठेवा आणि एकच खरेदी घेऊन बसा. शंभर बेअरिंग, दर 200 रुपये, ऑर्डर 20,000 ची. गोदामात 90 च आले. पुरवठादाराचं बिल 90 नगांचंच आलं, पण दर लावला 210. आता प्रत्येक पायरीवर कुठल्या खात्यात काय पडलं ते वहीत लिहा.

ME21N ला पीओ केली, तेव्हा जमाखर्चात काहीच पडत नाही. हा प्रश्न मी हमखास विचारतो आणि निम्मे जण इथेच अडखळतात. MIGO ला 101 ने माल घेतला की स्टॉक 18,000 नावे आणि जीआर-आयआर खातं 18,000 जमा. MIRO ला बिल टाकलं की जीआर-आयआर 18,000 नावे होऊन ते खातं शून्यावर येतं. बिलाची मूळ रक्कम 18,900. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे सीजीएसटी 1,701 आणि एसजीएसटी 1,701. पुरवठादाराच्या खात्यात जमा 22,302.

मधले 900 रुपये कुठे गेले? माझी खरी मुलाखत इथून सुरू होते. मटेरियल मास्टरमध्ये किंमत S असेल तर ते किंमत-फरकाच्या खात्यात जातात. V असेल तर स्टॉकवर चढतात आणि सरासरी दर वाढतो. एवढं ज्याला सांगता येतं त्याला मी टी-कोड विचारतसुद्धा नाही.

पहिली_फेरी_पास
दादा, तुमच्यापर्यंत पोचायला आधी पहिली फेरी पार करावी लागते. मी मागच्या वर्षी सहा मुलाखती दिल्या. त्यातल्या चार ठिकाणी पहिला फोन दहा मिनिटांचा होता आणि समोरची व्यक्ती कागदावरून प्रश्न वाचत होती. मूव्हमेंट टाइप 122 म्हणजे काय, पीओचा टी-कोड काय, अ‍ॅक्टिव्हेटचे टप्पे कुठले. उत्तर कागदाशी जुळलं तर पुढे, नाहीतर फोन बंद. 900 रुपये कुठे गेले हे मला कुणीही विचारलं नाही. पाठ करणं वाईट नाही, ताई. पाठ कराच.

आणि जीआरचं एवढं अवघड करून सांगायची गरज नाही. माल आला की पुरवठादाराचं देणं उभं राहतं, बिल आलं की ते पक्कं होतं. एवढं बोललात तरी चालतं.

खरेदी_ते_देणी
पहिल्या फेरीचं तुमचं म्हणणं मान्य. तो कागद मीही पाहिलाय. पण दुसरं वाक्य मुलाखतीत बोललात तर अडकाल. माल आल्यावर देणं उभं राहतं हे खरं, पण ते पुरवठादाराच्या खात्यात पडत नाही, जीआर-आयआरमध्ये थांबतं. मी लगेच विचारीन, "माल आलाय, बिल यायचंय, पुरवठादाराचं खातं उघडलं तर काय दिसेल?" तुमच्या उत्तराप्रमाणे 18,000 दिसायला हवेत, प्रत्यक्षात तिथे काहीच नसतं. महिनाअखेरीला जीआर-आयआरमध्ये जी शिल्लक उरते, ती कशामुळे उरली हे शोधण्यात खरेदी आणि अकाउंट्स या दोन्ही विभागांचे दिवस जातात. माल आला पण बिल नाही, की बिल आलं पण माल नाही, हे त्या शिल्लकेवरूनच कळतं.

पहिली_फेरी_पास
ठीक आहे, खात्याचं नाव माझं चुकलं. मुद्दा तोच राहतो. सात दिवस आहेत. तिने आधी काय करावं?

चाकण_स्टोअर
मी चाकणला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आठ वर्षं आहे. रोज MIGO करतो. मला ईआरपीत जायचं असेल तर कोडिंग शिकावं लागेल का? आमच्याकडे सगळे म्हणतात एबॅप आल्याशिवाय काही होत नाही.

खरेदी_ते_देणी
भाऊ, धागा फ्रेशरच्या तयारीचा आहे, तरी सांगतो. एमएम फंक्शनलला एबॅप लिहावं लागत नाही. रिपोर्ट किंवा बदल हवा असेल तर तो नेमका काय हवा हे डेव्हलपरला कागदावर नीट लिहून देता आलं पाहिजे. तुमच्याकडे आठ वर्षांचं जे आहे ते या ताईंकडे नाही. उलट तुम्हीच त्यांना सांगा: गेटवर माल आला आणि चलनावर 100 लिहिलंय पण मोजले 90, तर तुम्ही काय करता?

चाकण_स्टोअर
सोपं आहे. 90 चीच जीआर करायची. चलनावर कमी नग असा शेरा मारून ड्रायव्हरची सही घ्यायची आणि खरेदीवाल्याला मेल टाकायचा. एकदा नव्या पोराने चलन बघून 100 टाकले. मग 102 ने एंट्री उलटवून परत 90 ची केली. पण तोवर लाइनवर इश्यू झाले होते, स्टॉक पुरला नाही म्हणून 102 पडेना. दिवसभर गोंधळ झाला. आणि 102 आणि 122 एक नाही बरं का. एंट्रीच चुकली तर 102. माल खराब निघाला आणि परत पाठवायचा असेल तर 122, त्यात कारण टाकावं लागतं.

खरेदी_ते_देणी
ताई, हे उत्तर वहीत उतरवून घ्या. पीडीएफमध्ये 122 म्हणजे 'रिटर्न डिलिव्हरी' एवढंच असतं. मुलाखतीत एबॅपशी तुमचा संबंध नसतो, पण 102 का पडली नाही याच्याशी असतो.

नवी_उमेदवार (नाशिक)
आज तुमचं उदाहरण वहीत केलं, 900 पर्यंत पोचले. एक अडलं. F110 चालवलं आणि हे बिल पेमेंटच्या यादीत आलंच नाही तर? पीडीएफमध्ये उत्तर फक्त 'पेमेंट ब्लॉक' असं एका शब्दात आहे.

खरेदी_ते_देणी
पीओचा दर 200, बिलाचा 210. हा फरक ठरवलेल्या मर्यादेबाहेर असेल तर बिल पोस्ट होतं, पण त्याच्यावर R हा ब्लॉक बसतो. जमाखर्चाची नोंद झालेली असते, फक्त पैसे अडकतात. खरेदी विभागाने दर मान्य केला की MRBR मधून ते सोडायचं. मर्यादेच्या आत असेल तर ब्लॉक बसतच नाही. म्हणून लगेच 'ब्लॉक आहे' असं म्हणू नका. आधी बिलाची मुदत भरली का बघा, मग पुरवठादाराच्या मास्टरमध्ये पेमेंट पद्धत टाकली आहे का, मग ब्लॉक. कुठून शोधायला सुरुवात केली हे मला बघायचं असतं.

गो_लाइव्ह_रात्र
मी रोलआउट प्रोजेक्टवर आहे. टप्प्यांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितेय. डिस्कव्हर, प्रिपेअर, एक्स्प्लोर, रिअलाइझ, डिप्लॉय, रन ही अ‍ॅक्टिव्हेटची नावं पाठ हवीतच, त्यात वाद नाही. जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'ब्लूप्रिंट' येतं. ते आधीच्या असॅप पद्धतीतलं, घाबरू नका. फरक विचारला तर एवढं सांगा: ब्लूप्रिंटमध्ये ग्राहकाला काय हवं ते कोऱ्या कागदावर लिहून घ्यायचे, एक्स्प्लोरमध्ये तयार सिस्टीम दाखवून विचारतात की यात काय बसत नाही.

पण मी विचारते तो प्रश्न वेगळा असतो. वरचीच ऑर्डर घ्या. 100 ची पीओ, 90 आले, बिल अजून यायचंय, आणि आज रात्री जुनी सिस्टीम बंद होणार. नव्यात काय न्यायचं? बहुतेक जण म्हणतात, "उरलेल्या 10 ची पीओ." मग आठवड्याने 90 चं बिल येतं आणि ते जुळवायला नव्या सिस्टीममध्ये काहीच नसतं. पहिला उपाय म्हणजे कटओव्हरच्या आधी पुरवठादारांच्या मागे लागून आलेल्या मालाची बिलं जुन्यातच टाकून घेणं. ते नाही जमलं तर 100 ची पीओ नव्यात करून 90 ची जीआर परत करायची, आणि 561 ने सुरुवातीचा स्टॉक चढवताना त्यातून ते 90 वजा करायचे. वजा करायचं राहिलं तर स्टॉक दुप्पट दिसतो. मग जीआर-आयआरची जुनी शिल्लक वेगळी चढवायची नाही, कारण ती जीआरनेच तयार होते. फ्रेशरला हे सगळं येणार नाही, मला माहीत आहे. "10 नेले तर 90 च्या बिलाचं काय?" एवढं तिने मलाच विचारलं तरी माझ्यासाठी पुष्कळ आहे.

पहिली_फेरी_पास
हे फ्रेशरला विचारणं मला अन्यायच वाटतो. ज्याने गो-लाइव्ह पाहिलेलं नाही त्याला कटओव्हरचं विचारायचं, आणि मग तोच पोरगा पुढच्या मुलाखतीत सीव्हीवर दोन वर्षांचा खोटा प्रोजेक्ट लिहितो. क्लासवालेच लिहून देतात. तुमच्यासारख्यांच्या प्रश्नांमुळेच हे चालू आहे.

गो_लाइव्ह_रात्र
खोट्या प्रोजेक्टचा मलाही संताप येतो. पण सीव्हीवर 'क्लासमधला सराव प्रोजेक्ट' असं स्वच्छ लिहिणाऱ्याला मी कटओव्हर विचारत नाही, त्याने स्वतः केलेलंच विचारते. ज्याने 'एंड टू एंड इम्प्लिमेंटेशन' लिहिलंय त्याला विचारते, आणि तो तीन मिनिटांत उघडा पडतो. इंटिग्रेशन टेस्टमध्ये सापडलेला एक दोष सांगा म्हटलं की गप्प.

पहिली_फेरी_पास
सराव प्रोजेक्ट लिहिलेले सीव्ही तुमच्यापर्यंत पोचतात तरी का? माझे दोन तसेच परत आले.

गो_लाइव्ह_रात्र
सगळे पोचत नाहीत, हे खरं आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

खरेदी_ते_देणी
नवी_उमेदवार, तुमचा मूळ प्रश्न सात दिवसांचा होता. पहिल्या फेरीसाठी पीडीएफमधले खरेदीचे टी-कोड, 101, 102, 122, 561 आणि अ‍ॅक्टिव्हेटची सहा नावं दोन दिवसांत करा, यात मी पहिल्या फेरीवाल्यांचं ऐकलं. उरलेले पाच दिवस वहीतल्या बेअरिंगना द्या. एस/4हाना विचारलं तर एवढं लक्षात ठेवा की पुरवठादार आता BP मध्ये तयार होतो. क्लासच्या जुन्या नोट्समध्ये XK01 असेल तर ते ईसीसीतलं. आणि आजचा गृहपाठ: किंमत V, बिल यायच्या आधीच 90 पैकी 50 बेअरिंग लाइनवर गेले, स्टॉकमध्ये 40 उरले. आता 900 चं काय होईल?

नवी_उमेदवार (नाशिक)
प्रयत्न करते. स्टॉकवर चढवायला 40 च नग आहेत. नगामागे फरक 10 रुपये, म्हणजे 400 स्टॉकवर आणि उरलेले 500 किंमत-फरकाच्या खात्यात?

खरेदी_ते_देणी
बरोबर. आता हेच मोठ्याने बोलून दाखवा, वही न बघता.

चाकण_स्टोअर
म्हणजे लाइनवर गेलेल्या 50 वर दर वाढत नाही? आमच्या कॉस्टिंगवाल्याचं आणि माझं यावरून दोन वर्षं भांडण चालू आहे. उद्या त्याला हा धागा दाखवतो.