मदत हवी आहे: थायरॉइड असलेल्या बायकोला अश्वगंधा-ग्लायसीन-थियानिनची झोपेची गोळी द्यावी का?

मनीषनगरकर:
नमस्कार मंडळी. बायको 46 वर्षांची. थायरॉइडची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी चालू आहे. झोप लवकर लागते, पण तीन-साडेतीनला जाग आली की नंतर डोळाच लागत नाही. मेव्हण्याने एक झोपेच्या गोळ्यांची डबी आणून दिली. वर लिहिलंय "शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध घटक", "सवय लागत नाही". मागे बारीक अक्षरात, दोन गोळ्यांमागे: अश्वगंधा अर्क 250 मिलिग्रॅम, एल-थियानिन 100, ग्लायसीन 150. खरंच काही होतं का याने? आणि थायरॉइडमध्ये चालेल का?

सुखनिद्रा:
काऊन जी एवढा विचार करता? अश्वगंधा आपली घरचीच आहे. आमच्याकडे आजी चमचाभर चूर्ण गरम दुधात द्यायची. नैसर्गिक आहे, अपाय नाही.

रात्रपाळी_मिहान:
थियानिन चहातच असतं ना? मी रात्रपाळीहून आलो की ग्रीन टी घेतो आणि पडतो. तरी पडदे लावूनही दुपारी बारालाच उठतो. कूलरच्या आवाजाने असेल का?

औषधशास्त्र_धरमपेठ:
रात्रपाळीवाले भाऊ, कपभर चहात थियानिन फार तर वीस-पंचवीस मिलिग्रॅम, अभ्यासांत देतात 200. आणि सोबत कॅफीन येतं ते वेगळंच. झोपण्याआधीचा तो ग्रीन टी बंद करून बघा, कूलरचं नंतर पाहू.

मनीषनगरकर, डबीचं गणित मांडू. ग्लायसीनवर जपानमध्ये अभ्यास झाले, त्यात झोपण्याआधी 3 ग्रॅम देत. तुमच्या दोन गोळ्यांत 150 मिलिग्रॅम. म्हणजे तेवढं ग्लायसीन पोटात जायला एका रात्री 40 गोळ्या लागतील. घटक "सिद्ध" असला तरी चिमूटभर घालून नाव लिहिल्याने काम होत नाही. शिवाय ते अभ्यासही अगदी लहान, एकात तर 11 माणसं, आणि करणारे बरेचसे ग्लायसीनसारखी अमिनो आम्लं बनवणाऱ्या कंपनीशी जोडलेले. खोटे म्हणत नाही, पण त्यावर छातीठोक दावा करता येत नाही.

थियानिनचं तुमच्याकडे निम्मं आहे. 200 मिलिग्रॅमवर 30 निरोगी लोकांचा चार आठवड्यांचा अभ्यास 2019 साली आला. झोपेच्या प्रश्नावलीत थोडा फरक दिसला. पण त्या लोकांना निद्रानाश नव्हता.

तिघांत पुरावा जरा जास्त आहे तो अश्वगंधेचा. 2019 चाच निद्रानाशाचा एक भारतीय अभ्यास घ्या: 60 रुग्ण, मुळाचा अर्क 300 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दहा आठवडे. शेवटी झोप लागायला अर्कवाल्यांना सरासरी 29 मिनिटं लागली, नकली गोळीवाल्यांना 34. फरक पाचेक मिनिटांचा! खरा असेल, पण जाहिरातीतली बाई ज्या तऱ्हेने डोळे मिटते तसा नाही. तुमच्या घरचा प्रश्न तर झोप लागण्याचा नाहीच, मधे तुटण्याचा आहे.

सुखनिद्रा:
पण 250 म्हणजे निम्म्याच्या जवळपास आहे की. काहीतरी गुण येईलच.

औषधशास्त्र_धरमपेठ:
मिलिग्रॅमवर जाऊ नका. अश्वगंधेतला मुख्य घटक विथानोलाइड, तो अर्कात किती टक्के, हे महत्त्वाचं. एका अभ्यासात 120 मिलिग्रॅमच दिलं होतं, पण ते फार तीव्र अर्काचं होतं. डबीवर टक्केवारी नसेल तर तुलनाच होत नाही. आजीचं चूर्ण आणि हा अर्क एक नाही, म्हणून चूर्णाचा पिढ्यांचा अनुभव अर्काच्या सुरक्षिततेला लावता येत नाही. अश्वगंधेच्या गोळ्यांनंतर कावीळ झाल्याची प्रकरणं आइसलँड आणि भारतातूनही नोंदली गेली आहेत. विरळ आहेत, पण लघवी गडद, अंगाला खाज, डोळे पिवळे दिसले तर गोळी तिथेच थांबवायची.

थायरॉइडचं मात्र गंभीर. 2018 च्या एका अभ्यासात रोज 600 मिलिग्रॅमने आठ आठवड्यांत थायरॉइडचे हार्मोन वाढलेले दिसले. वहिनी आधीच बाहेरून हार्मोन घेताहेत. वर हे पडलं तर धडधड, घाम, आणि गंमत म्हणजे झोपमोडच व्हायची. टीएसएच शेवटचं कधी केलं? ते फार खाली गेलं असेल, म्हणजे हार्मोन जास्त होत असेल, तर पहाटेची जाग त्यानेही येते.

मनीषनगरकर:
मागच्या दिवाळीच्या आसपास. त्यानंतर डॉक्टरांनी डोस वाढवला होता, पण परत तपासणी राहूनच गेली. डबी बाजूला ठेवली. टीएसएच करून घेतो. एक सांगा, तिला रात्री अंगातून वाफ निघाल्यासारखं होतं, पाळीही मागे-पुढे होते. हे थायरॉइडचं की वयाचं?

औषधशास्त्र_धरमपेठ:
दोन्हींनी होऊ शकतं, म्हणून इथून सांगणार नाही. टीएसएच आलं की ते आणि पाळीची हकीकत, दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवा. मेव्हण्याने आणलेली डबीही न्या.

रात्रपाळी_मिहान:
ग्लायसीन नुसतं पावडरमध्ये मिळतं ना? 3 ग्रॅम घेऊन बघू का? कोणी घेतलंय का इथे?