मदत हवी आहे: निवृत्तीची रक्कम काढताना २५ ने गुणायचे ते कुठल्या खर्चाला?

वाळवंटीकाठ
वय ४८, वेर्ण्याला खाजगी कंपनीत आहे, पेन्शन नाही. साठाव्या वर्षी थांबायचा विचार आहे. बायको माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. मुलीची फी आणि घराचा हप्ता सोडला तर महिन्याला ४५ हजार लागतात, म्हणजे वर्षाला ५.४ लाख. पहिल्या वर्षी जमलेल्या रकमेतले चार टक्के काढायच्या नियमाने २५ पट केले की १.३५ कोटी येतात. पण बारा वर्षांपूर्वी बांगड्याचा वाटा काय भावाने मिळायचा ते आठवले की हा आकडा फसवा वाटतो. महागाई यात कुठे धरायची? सत्तरी तालुक्यात थोडी काजूची बाग आहे, तिचे वर्षाला साधारण ६० हजार येतात.

सांजदिवा
मी शिक्षिका होते, निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. मला तर कधी हिशेब करावा लागला नाही. वर्षातून दोनदा महागाई भत्त्याचा आढावा होतो, पेन्शन आपोआप वाढते. तुम्ही पेन्शनचे कागद वेळेत द्या, म्हणजे अडणार नाही.

म्हापसेकर
ताई, त्यांना पेन्शनच नाही. वाळवंटीकाठ, आजचा खर्च आधी साठाव्या वर्षापर्यंत वाढवून घ्या. ६ टक्के महागाई धरली तर बारा वर्षांत तो दुप्पट होतो. ४५ चे ९० हजार, वर्षाला १०.८७ लाख. त्याच्या २५ पट २.७२ कोटी. एवढे जमले की सगळे एफडीत टाका आणि निवांत राहा. ७ टक्क्यांनी १९ लाख व्याज येते, मुद्दलाला हात लावायची पाळीच येणार नाही.

अंत्रुजकर
बाब, पहिली पायरी तुमची अगदी बरोबर. चूक एफडीत आहे, आणि ती पहिली काही वर्षे दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

७ टक्क्यांतले कर जाऊन ५.६ हातात राहिले असे धरा. खर्च मात्र दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढतोय. २.७२ कोटींतून पहिल्या वर्षी १०.८७ लाख काढले, दुसऱ्या वर्षी ११.५२, तिसऱ्या वर्षी १२.२१. सुरुवातीची पाच-सहा वर्षे शिल्लक वाढतच जाते, पासबुक बघून माणूस खूश. सातव्या वर्षापासून ती उतरू लागते आणि चोविसाव्या वर्षी पैसे संपतात. तेव्हा यांचे वय ८३, घरच्या वहिनींचे ७९. म्हणून शिल्लक वाढतेय का एवढेच बघू नका. यंदाचा खर्च शिल्लक रकमेच्या किती टक्के झाला ते दरवर्षी काढा. चारावरून तो पाच, सहा असा चढत गेला तर ती धोक्याची खूण.

आता चार टक्क्यांबद्दल. विल्यम बेंगन या अमेरिकन सल्लागाराने १९९४ मध्ये तिथल्या १९२६ पासूनच्या आकड्यांवरून हे मांडले. त्याने निम्मे ते पाऊण पैसे शेअरमध्ये धरले होते आणि मुदत ३० वर्षांची. चार टक्के फक्त पहिल्या वर्षी, पुढे तीच रक्कम महागाईने वाढवत न्यायची. आपला सेन्सेक्सच १९७८-७९ च्या पायावर मोजतात, त्यामुळे आपल्याकडे इतका लांबचा पुरावाच नाही. शिवाय वहिनी ९२ पर्यंत राहायच्या तर मुदत ३६ वर्षे होते. मी ३.५ टक्के धरेन, म्हणजे साधारण साडेअठ्ठावीस पट: ३.१० कोटी. त्यातले तीन वर्षांच्या खर्चाचे पैसे एफडीत, बाकीच्यात शेअर फंड निम्मे तरी हवेत. बाजार पहिल्या दोन-तीन वर्षांतच पडला आणि पडलेल्या भावाने युनिट विकावे लागले, तर पुढची तेजी ते भरून काढत नाही. एफडीतले पैसे त्या काळासाठी.

वाळवंटीकाठ
आता डोक्यात शिरले. म्हणजे आजच्या भावात १.३५ नव्हे, १.५४ कोटी, आणि साठाव्या वर्षी ३.१० कोटी. काजूचे ६० हजार यातून वजा करू ना? घर मातीच्या भिंतींचे, मंगलोरी कौलांचे. दर पावसाआधी काहीतरी निघतेच.

अंत्रुजकर
कौले परतण्याचा किरकोळ खर्च ४५ हजारांत धरलाय का बघा. वासे बदलायचे झाले तर ती मोठी रक्कम, ती या ३.१० कोटींच्या बाहेर वेगळी ठेवा. काजूचे ६० हजार पूर्ण वजा केले तर गरज सुमारे ३४ लाखांनी कमी दिसते. पण बियांचा भाव महागाईच्या मागे धावेलच असे नाही. मी निम्मेच धरेन.

म्हापसेकर
निम्मे फार कमी झाले. जमीन तर राहतेच ना? गरज पडली तर विकता येते.

अंत्रुजकर
एकाच्या नावावर असेल तर. सत्तरीत बऱ्याच बागांच्या उताऱ्यावर भावंडांची नावे असतात.

वाळवंटीकाठ
आमच्याही उताऱ्यावर तीन काकांची नावे आहेत. तूर्त काजूचे ३० हजारच वजा करतो. महागाई ६ ऐवजी ७ धरली तर काय होते तेही आज रात्री मांडून बघतो.