वाचणाऱ्याकडे किती वाजलेत माहीत नाही, तर 'गुड मॉर्निंग' लिहावं का?

मेघना_पुणे
आमच्या इंजिनीअरिंगच्या बॅचला महिन्यातून एकदा सगळ्यांना मिळून एक मेल जातो, कोण कुठे आहे, गेट-टुगेदर कधी वगैरे, आणि तो मी लिहिते. मंडळी पुणे, दुबई, लंडन, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, सिडनी अशी पसरलीयेत. मी सकाळी लिहायला बसते म्हणून सुरुवात 'गुड मॉर्निंग मंडळी'. या वेळी एकाने कळवलं की माझ्याकडे रात्र आहे, हे बरोबर वाटत नाही. मग काय लिहायचं? गुड डे? की सरळ मुद्द्यावर यायचं?

सुहास_का
त्यात चूक काय आहे? तू सकाळी लिहिलंस म्हणून गुड मॉर्निंग, वाचणाऱ्याला कळतं की बाई सकाळी चहा घेऊन लिहायला बसलीये. मला तर ते आवडतं. माझी मुलगी मेलबर्नला आहे, तिचा 'गुड इव्हिनिंग बाबा' मेसेज माझ्याकडे दुपारी येतो आणि तिकडे आता दिवे लागले असतील असं लगेच मनात येतं. सगळ्यांना चालेल असं काहीतरी गुळमुळीत लिहिलं की त्यातलं माणूसच निघून जातं.

रानवारा
काका, मुलीचा मेसेज वेगळा, ती एकालाच लिहिते आणि तुम्हाला तिचं घर माहीत आहे. इथे एका मेलला शंभर वाचणारे आहेत. जानेवारीत मेघनाताईंनी सकाळी साडेसातला मेल पाठवला असं धरा. दुबईत तेव्हा सहा वाजलेत, लंडनमध्ये रात्रीचे दोन, न्यू जर्सीत आदल्या दिवशीचे रात्रीचे नऊ, कॅलिफोर्नियात आदल्या दिवशीची संध्याकाळ सहा, सिडनीत दुपारचा एक. म्हणजे गुड मॉर्निंग लागू पडलं फक्त पुणे आणि दुबईला. आणि तेही पाठवल्या क्षणी उघडला तर, नाहीतर पुण्यातला माणूसही तो रात्री जेवण झाल्यावर उघडतो.

आपल्याकडे पत्रात यावर उत्तर कधीच होतं. 'ति. बाबांस साष्टांग नमस्कार', 'स. न. वि. वि.', यात कुठेही सकाळ-संध्याकाळ नाही कारण पत्र पोचायला चार दिवस लागणार आणि पोस्टमन कधी येईल ते कुणाला माहीत. वेळ सांगायची तर वर उजवीकडे गाव आणि तारीख लिहायची. सुहासकाका म्हणतात ते 'मी कुठून, केव्हा लिहितोय' तिथे येऊन जातं. माझं मत स्पष्ट आहे, 'नमस्कार मंडळी' आणि खाली 'पुणे, रविवार सकाळ'.

कोड_आणि_कांदेपोहे
एवढं कशाला? टाइमझोनप्रमाणे लिस्ट करा, मेल शेड्यूल करा, ज्याच्या त्याच्याकडे सकाळी आठला पोचेल. बरीच मेल टूल्स हे करतात. किंवा मेलमध्येच छोटा कोड टाका:

```javascript
const h = new Date().getHours();
```

h बारापेक्षा कमी तर मॉर्निंग, पाचपर्यंत आफ्टरनून, पुढे इव्हिनिंग. झालं.

शिल्पा_बॅकएंड
शेड्यूलचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, पोचेल आठला पण उघडला कधी जाईल ते तुमच्या हातात नाही. कोडचं मात्र चालणार नाही, मेल ॲप्स आतली स्क्रिप्ट चालवतच नाहीत, सुरक्षेसाठी काढून टाकतात. ही ओळ वेब पेजवर ब्राउझरमध्ये चालली तर वाचणाऱ्याच्या डिव्हाइसचं घड्याळ बघते, तिथे ती ठीक. पण तीच ओळ सर्व्हरवर चालली तर सर्व्हरचं घड्याळ बघते आणि ते बहुतेक वेळा यूटीसीवर असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे.

एका जुन्या प्रोजेक्टमध्ये हेच झालं होतं. भारतातले युजर दुपारी चारला लॉगिन करायचे आणि वर 'गुड मॉर्निंग' यायचं, सगळ्यांना वाटलं कुणीतरी शब्द हार्डकोड केलाय. मग लक्षात आलं की रोज बरोबर साडेपाचला ते 'गुड आफ्टरनून' होतंय आणि रात्री साडेदहाला 'गुड इव्हिनिंग'. यूटीसीचे बारा म्हणजे आपले साडेपाच, आणि सतरा म्हणजे साडेदहा. असा बदल दिसला की कोड वाचायच्या आधी सर्व्हरचा टाइमझोन बघा. आम्ही शेवटी युजरच्या प्रोफाइलमधला झोन वापरला. पण दुबईहून पुण्याला सुट्टीवर आलेल्या माणसाचा प्रोफाइल झोन दुबईच राहतो, म्हणून आता मी वेळेचं ग्रीटिंगच ठेवत नाही, 'नमस्कार' आणि नाव.

नाइटशिफ्ट_नर्स
मी नाइटला असते, सकाळी घरी येऊन पडदे लावून झोपते. आई रोज सातला 'शुभ सकाळ' आणि फुलाचा फोटो टाकते. माझा दिवस तेव्हा संपलेला असतो, तिलाही माहीत आहे, तरी टाकते. मला तो हवा असतो. त्यामुळे चुकीची वेळ म्हणजे अपमान असं काही नाही. फक्त ते फोटो इतके येतात की फोन भरतो, ते कसे थांबवायचे ते कुणी सांगेल का?

रानवारा
ताई, ते फोटो म्हणजे वेगळाच विषय आहे. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज अँड डेटा मध्ये फोटोंचं ऑटो-डाउनलोड बंद करा, आईचा मेसेज येत राहील, फोटो तुम्ही दाबल्याशिवाय उतरणार नाही.

हॅलो_कॉल_सेंटर
मी अमेरिकन कस्टमर्सचे कॉल घ्यायचो, पुण्यात रात्री. नियम होता की समोरच्याच्या वेळेप्रमाणे बोलायचं. आम्ही एरिया कोड बघून अंदाज करायचो, पण लोक नंबर तोच ठेवून राज्य बदलतात, न्यू जर्सीचा नंबर आणि माणूस कॅलिफोर्नियात. टेनेसी, केंटकीसारख्या राज्यांत तर एका राज्यात दोन वेळा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास पुढे जातात आणि ॲरिझोनाचा बहुतेक भाग बदलतच नाही, त्या आठवड्यात आमचा हमखास गोंधळ.

'गुड डे'बद्दल विचारलंय म्हणून सांगतो, अमेरिकेत ते सुरुवातीला फार कमी ऐकलं. निरोप घेताना कुणी म्हटलं तर बऱ्याचदा 'आता पुरे' असं रागाने ऐकू येतं. ऑस्ट्रेलियात तेच भेटल्यावर मोकळेपणाने म्हणतात. म्हणजे तुमच्या सिडनीवाल्याला गोड लागेल आणि न्यू जर्सीवाल्याला जड. 'हॅलो' कुठेच अडत नाही.

शिल्पा_बॅकएंड
मेघनाताई, ग्रीटिंगपेक्षा जास्त नुकसान पुढच्या ओळीत होतं. 'आज रात्री नऊला झूम कॉल' असं लिहिलंत तर कुणाचं आज? जुलैत पुण्याचे नऊ म्हणजे न्यू जर्सीत सकाळचे साडेअकरा, जानेवारीत साडेदहा. तारीख, वार आणि 'भारतीय वेळ' लिहाच, शक्य असेल तर शेजारी एक-दोन शहरांची वेळ.

सुहास_का
वेळ लिहायची हे मान्य. पण मेलबर्नहून मला उद्या 'हॅलो बाबा' आलं तर मी परत विचारीन की बाळा तिकडे काय चाललंय, आकाश कसं आहे. शंभर जणांनाही तेवढं सांगायला काय हरकत आहे?

मेघना_पुणे
हरकत काही नाही काका, म्हणून तुमचं आणि रानवारांचं दोन्ही घेतेय. पुढचा मेल असा सुरू करते: 'नमस्कार मंडळी, पुण्यात रविवारचे सकाळचे साडेसात वाजलेत आणि पाऊस पडतोय.' कॉलची वेळ खाली तीन शहरांसकट टाकते. ज्याच्याकडे रात्र आहे त्याने त्याची लिहून पाठवावी, पुढच्या मेलमध्ये छापते.

हॅलो_कॉल_सेंटर
पावसाचं चांगलं आहे. पण कॉलच्या वेळा नोव्हेंबरमध्ये पुन्हा तपासा, अमेरिकेची घड्याळं पहिल्या रविवारी मागे जातात आणि लंडनची त्याआधीच, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी गेलेली असतात.