मदत हवी आहे: विजापूरच्या सहलीआधी मुलांना काय सांगू? इस्लाममध्ये ईश्वराचं चित्र का नाही आणि त्या जागी अक्षरं कशी आली?

रंगशाळा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी सोलापूरला शाळेत चित्रकला शिकवते. नववीच्या मुलांची सहल विजापूरला जाणार आहे. गोलघुमटाबद्दल सगळेच बोलतात, मला इब्राहिम रोजा ही आदिलशहाची कबर आणि जामा मशीद नीट दाखवायची आहे. मशिदीच्या मिहराबावर, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यावर, सोनेरी रंगात पुस्तकं, फुलदाण्या, लटकणारे दिवे असं पुष्कळ काही रंगवलंय, पण माणूस किंवा पक्षी एकही नाही. रोजात तर भिंतीभर अक्षरंच अक्षरं.

वर्गात तीन प्रश्न नक्की येणार. कुराणात चित्रांना बंदी लिहिली आहे का? असेल तर मुघलांनी एवढी चित्रं कशी काढून घेतली? आणि अक्षरं इतकी मापात कशी बसतात?

आणखी एक अडचण. वर्गात मुसलमान मुलंही आहेत. अरबी सुलेखनाचा छोटा सराव घ्यायचा झाला तर कुणाला खटकणार नाही असा कसा घ्यावा? इंटरनेटवर वाचलं तेवढा गोंधळ वाढला. जाणकारांनी कृपया मदत करा.

खडूफळा

सोपं आहे मॅडम. इस्लाममध्ये चित्राला सरसकट बंदी आहे. मुघल बादशहा धर्म फारसा पाळत नव्हते म्हणून त्यांच्याकडे चित्रकार होते. आणि चित्र काढता येईना म्हणून लोक अक्षरांकडे वळले. मुलांना एवढं पुरे.

दौतलेखणी

खडूफळा, यातलं अर्धं बरोबर आहे, पण मुलांच्या डोक्यात हेच बसलं तर पुढे सगळं चुकीचं दिसायला लागेल.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. ईश्वराचं चित्र ही एक आणि सजीवांचं चित्र ही दुसरी. पहिल्या बाबतीत मतभेदच नाहीत. कुराणाच्या ४२व्या सूरेत, म्हणजे अध्यायात, म्हटलंय की त्याच्यासारखं काहीही नाही. ११२वी सूरा, इख्लास, सांगते की तो एक आहे, त्याने कुणाला जन्म दिला नाही, त्याला कुणी जन्म दिला नाही आणि त्याच्या तोडीचं कुणी नाही. ज्याच्यासारखं काहीच नाही त्याचं चित्र काढायचं तर दुसऱ्या कशाचा तरी आकार उसना घ्यावा लागणार, आणि तो आकार खोटाच ठरणार. शिवाय त्या आकाराची पूजा सुरू होण्याची भीती. मूर्तिपूजेविरुद्ध कुराण अगदी स्पष्ट बोलतं, पण 'चित्र काढू नका' असं सरळ वाक्य त्यात नाही.

सजीवांच्या चित्रांची गोष्ट हदीसमधून, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदींतून येते. तिथे सांगितलंय की चित्रं करणाऱ्याला कयामतीच्या दिवशी म्हणतील, केलंस ना हे, आता यात प्राण घाल. घडवणं हे ईश्वराचं काम, त्याची बरोबरी करू नये, असा त्यामागचा विचार. दुसऱ्या एका हदीसमध्ये पैगंबरांच्या पत्नी आयेशांनी घरात चित्रांचा पडदा लावला होता. पैगंबरांना तो आवडला नाही, मग तोच फाडून त्यांनी उशा केल्या. त्यावरून काही फकीहांनी, म्हणजे धर्मशास्त्राच्या पंडितांनी, म्हटलं की मानाच्या जागी लावलेलं चित्र वेगळं आणि टेकायला, बसायला वापरलेलं वेगळं. काहींनी सावली पडणारी मूर्ती आणि सपाट चित्र यांत फरक केला. हा वाद पुढे छायाचित्रांपर्यंत आला आणि अजून चालू आहे.

मुघल धर्म पाळत नव्हते म्हणून चित्रं, हेही टिकत नाही. अकबराचं म्हणणं अबुल फजलने नोंदवलंय: चित्रकार एकेक अवयव काढतो, पण त्यात प्राण घालू शकत नाही, तेव्हा त्याला देणाऱ्याची आठवण होतेच. म्हणजे हदीसमधलीच प्राणाची गोष्ट त्याने चित्रकाराच्या बाजूने वळवली. त्याआधी चौदाव्या शतकात इराणमध्ये इतिहासाच्या हस्तलिखितांत खुद्द पैगंबरांची चित्रं काढली गेली. पुढे त्यांचा चेहरा झाकण्याची रीत वाढली. पण यांतल्या कुणीही ईश्वराला रेखाटलं नाही. आणि कथा-इतिहासाच्या पोथ्या चित्रांनी भरलेल्या असताना कुराणाच्या प्रतीत मात्र चित्र घालत नाहीत. मशीद आणि कुराण ही एक जागा, राजवाडा आणि ग्रंथालय ही दुसरी. हा फरक कळला की मुलांना विजापूर आपोआप उलगडेल.

पैलतीर

म्हणजे आपल्याकडच्या निर्गुणासारखंच ना हे?

दौतलेखणी

जवळ जातं, पण तेच नाही. आपल्याकडे निर्गुण मानणारा वारकरी विठ्ठलाच्या पायांवर डोकंही ठेवतो, दोन्ही एकत्र नांदतं. इथे सगुणाची ती वाटच बंद आहे.

सोनपावली

मला घराच्या नावाची पाटी अरबी अक्षरांत करून हवी आहे. सुंदर दिसतात म्हणून. पुण्यात कोण करून देईल?

रंगशाळा

सोनपावली, त्यासाठी वेगळा धागा काढाल का? इथे विषय भरकटेल.

दौतलेखणी, खूप आभार. पण 'चित्र चालेना म्हणून अक्षर' हे खडूफळा यांचं म्हणणं पूर्ण चूक आहे का? मलाही तसंच वाटत होतं.

दौतलेखणी

एक खरी घडामोड सांगतो, त्यावरून तुम्हीच ठरवा. खलीफा अब्द अल-मलिकच्या काळात दमास्कसहून चालणाऱ्या राज्यात सुरुवातीला बायझंटाइन धर्तीची सोन्याची नाणी होती. चित्रं तशीच, फक्त क्रुसाची आडवी दांडी काढलेली. मग हिजरी ७४ पासून तीनेक वर्षं उभ्या खलीफाचं नाणं निघालं, हात तलवारीवर. आणि हिजरी ७७ मध्ये, म्हणजे इ.स. ६९६-९७ ला, माणूस नाण्यावरून गेलाच. दोन्ही बाजूंना फक्त अक्षरं. एका बाजूला मधोमध 'अल्लाहशिवाय ईश्वर नाही, तो एकटा, त्याला भागीदार नाही' आणि दुसऱ्या बाजूला इख्लास सूरेतलेच शब्द.

आता बघा, त्याला चित्र काढता येत नव्हतं असं नाही. चित्र होतं, चाललं, आणि मग काढून टाकलं. शेजारी कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट त्याच सुमारास नाण्यावर येशूचा चेहरा छापायला लागला होता. त्याला उत्तर म्हणून इकडे चेहरा आला नाही, वाक्य आलं. याच खलीफाने जेरुसलेमला बांधलेल्या घुमटात (हिजरी ७२) सोनेरी मोझेइकमध्ये लांबच लांब लेख आहे. त्यातही इख्लास आहे, आणि येशू हा पैगंबर, ईश्वराचा पुत्र नव्हे, असं सांगणाऱ्या आयती आहेत.

म्हणून मी म्हणेन की अक्षर ही पर्यायी सोय नव्हती. कुराण हे ईश्वराचं बोलणं आहे अशी श्रद्धा, मग डोळ्यांना दिसेल असं पवित्र काही असेल तर ते लिहिलेले शब्दच. चित्रावरच्या संकोचामुळे अक्षराला जागा मोकळी मिळाली, पण मान त्याला आधीपासून होता.

खडूफळा

नाण्यांचं माहीत नव्हतं. पण सामान्य माणसाला वाचताच येत नसेल तर त्या लेखांचा उपयोग काय?

बरू

सलाम सगळ्यांना. माझे वडील मालेगावला उर्दू कातिब, म्हणजे हाताने मजकूर लिहिणारे होते, मी पण थोडंफार लिहितो. खडूफळा सर, न वाचताही आमच्या दादीला भिंतीवरची कुठली आयत आहे हे आकारावरून कळायचं. पाठ असतं सगळं.

मॅडम, तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर सांगतो. मापाचा पाया इब्न मुक्ला यांच्या नावावर आहे. बगदादचे वजीर होते, इ.स. ९४० मध्ये वारले. माप लेखणीतच असतं, पट्टी लागत नाही. बोरूचं टोक तिरकं कापायचं, कागदावर तिरकं टेकवून टोकाच्या रुंदीएवढंच ओढायचं. चौकट पडते, कोनावर उभी. तो नुक्ता. अलिफ हे पहिलं, उभ्या रेघेचं अक्षर किती उंच हे नुक्त्यांनी मोजायचं. सुलुस लिपीत साधारण सात, नस्खमध्ये पाच. उस्तादांच्या घराण्यानुसार थोडं कमीजास्त होतं.

समजा मुलांकडे ४ मिलिमीटर टोकाची लेखणी आहे. नुक्त्याची बाजू ४, कोनापासून कोनापर्यंत साडेपाचपेक्षा थोडं जास्त. असे सात नुक्ते एकावर एक, कोनाला कोन लावून ठेवले की साधारण ४० मिलिमीटर. तेवढा तुमचा अलिफ. मग त्या अलिफला व्यास धरून वर्तुळ काढा. नूनसारख्या अक्षरांचा खालचा पेला त्या वर्तुळाच्या हिशेबाने बसतो. लेखणी बदलली की सगळी अक्षरं आपोआप त्याच प्रमाणात लहानमोठी होतात.

चूक कुठे होते सांगतो. मुलं बाहेरची रेघ काढून आत रंग भरतात. ते दुरून छान दिसतं, पण जाड-बारीक वळणं मेलेली असतात. एक रेघ, एक दम. दुसरी खूण: नुक्त्याच्या चारही बाजू सारख्या येत नसतील तर हाताला बोलू नका, काप तपासा. आणि दौतीत रेशमाचा थोडा गुंता टाका, म्हणजे टोकाला शाई जास्त लागत नाही. नाहीतर पहिल्या अलिफलाच थेंब पडतो.

मजकूर मात्र कुराणातला देऊ नका. अक्षरं वाईट येतील म्हणून नाही. तो कागद मग टाकायचा कुठे, पायाखाली आला तर काय, हा प्रश्न घरी जाईल. अलिफ, बे, नून एवढीच सुटी अक्षरं द्या. आमचीही सुरुवात तिथूनच झाली. मुलांची नावं लिहायला दिलीत तर एवढं बघा की कुणाच्या नावात अल्लाहचं नाव असेल तर तो कागद जपून घरी न्यायला सांगा.

रंगशाळा

बरूभाई, हे तर सोन्यासारखं. बोरू मिळाले नाहीत तर तिरक्या टोकाचे मार्कर चालतील का?

बरू

सरावाला चालतील. बाजारातल्या बहुतेक मार्करचं टोक सरळ कापलेलं असतं, ते ब्लेडने थोडं तिरकं करून घ्या. ब्लेडचं काम तुम्हीच करा, मुलांना देऊ नका.

दौतलेखणी

रोजात गेलात की खिडक्यांच्या वरच्या दगडी जाळ्या जवळून दाखवा. अक्षरं दगडाची आहेत आणि अक्षरांमधली जागा आरपार कोरलेली आहे, उजेड तिथून येतो. मुलांना विचारा की एखादं अक्षर बाकीच्यांपासून सुटं ठेवलं असतं तर काय झालं असतं. खाली पडलं असतं! म्हणून कारागिराने प्रत्येक अक्षर कुठे ना कुठे शेजाऱ्याला किंवा चौकटीला टेकवलंय. कुठे टेकवलंय ते शोधायला लावा, अर्धा तास सहज जाईल. इब्राहिम आदिलशहा दुसरा इ.स. १६२७ मध्ये वारला, त्याचीच ही कबर.

मिहराबावरचं रंगकाम त्यानंतरचं, मुहम्मद आदिलशहाच्या काळातलं, इ.स. १६३६. सजीव कुठेच नाही हे तुम्ही बरोबर हेरलंत. पुस्तकंच का रंगवली यावर मात्र मी तुम्हाला ठाम काही सांगणार नाही.

पैलतीर

मला वाटतं कोनाड्यात ठेवलेल्या कुराणाच्या प्रती दाखवायच्या असतील.

बरू

असू शकतं. पण मग फुलदाण्यांचं काय?

पैलतीर

तेही खरं. बाई, एक सूचना: मिहराब बहुतेक वेळा पडद्याआड असतो. नमाजाची वेळ टाळून जा आणि तिथल्या माणसांना आधी विनंती करा, दाखवतात.

रंगशाळा

सगळ्यांचे आभार. ठरलं, आधी वर्गात नाण्यांची गोष्ट, मग नुक्ते आणि अलिफ, आणि तिथे गेल्यावर जाळीतले सांधे शोधायचे. फुलदाण्यांबद्दल कुणाला काही सापडलं तर इथेच लिहा, मीही मुलांचे अंदाज परत आल्यावर टाकते.