ईएसआयचा पहिला महिना भरायचा आहे, पोर्टलवर कामगारच दिसत नाहीत! मदत हवी आहे

लेथवाला: नंबर मिळाला, लॉगिन झालं. मासिक वर्गणीच्या पानावर गेलं की यादी रिकामी. 15 तारीख जवळ आली आहे. पीएफचंही याच वेळी करायचं का? लवकर सांगा.

आबासाहेब: पीएफ करावाच लागतो. दहा माणसं झाली की दोन्ही लागू.

सुमेधा: आबा, दहा ईएसआयला. पीएफला वीस. लेथवाला, माणसं किती? पगार किती?

लेथवाला: नऊ कामगार, प्रत्येकी 18,000. शिरोलीत वर्कशॉप, मालक मीच.

सुमेधा: नऊच असतील तर नंबर घेतलात कशाला?

लेथवाला: फोरमन धरून दहा. पण त्याला 24,000, तो 21,000च्या वर. म्हणून मोजला नाही.

सुमेधा: तिथेच घोळ आहे. वर्गणी त्याची नाही, पण डोकी मोजताना तो धरायचाच. कधीपासून आहे?

लेथवाला: 1 जुलै. अर्जात मी आजची, ऑक्टोबरची तारीख टाकली.

सुमेधा: मग लागू होण्याची तारीख 1 जुलै. आधी यादीचं बघा. नंबर कारखान्याला मिळाला, कामगारांना नाही. प्रत्येकाची नोंद आधार, घरची माणसं, रुजू होण्याची तारीख घालून करा. कुणाचा आधीच्या कंपनीतला विमा क्रमांक असेल तर तोच घाला, नवा काढू नका. मग नावं दिसतील. दिवस आणि पगार भरा, सबमिट करा, चलन काढा आणि पैसे भरा. सबमिट करून थांबणारे बरेच असतात, पैसे गेल्याशिवाय काही झालेलं नसतं. एखाद्याचे दिवस शून्य असतील तर कारण निवडावं लागतं. तो सोडून गेला असेल तर शेवटचा दिवसही.

किरण_के: माझा जुना पीएफ चाकणच्या कंपनीत अडकलाय, कोणी सांगेल का?

सुमेधा: किरण, वेगळा धागा काढा.

लेथवाला: आकडा किती येईल?

सुमेधा: 18,000 वर कामगाराचे 135, तुमचे 585. नऊ जणांचे मिळून महिना 6,480. जुलै ते सप्टेंबर तीन महिन्यांचे 19,440. त्यातले जुलै आणि ऑगस्टचे मुदतीबाहेर गेलेत, त्यावर 12 टक्के दराने व्याज. सप्टेंबरचे 15 ऑक्टोबरपर्यंत भरता येतील.

लेथवाला: मागचे 135 पुढच्या पगारातून कापतो मग.

सुमेधा: नाही कापता येत. कामगाराचा वाटा त्याच महिन्याच्या पगारातून. राहिला तर तुमच्या खिशातून.

आबासाहेब: आमच्याकडे कापले होते, कोणी विचारलं नाही.

सुमेधा: तुमचं नशीब. लेथवाला, ठेकेदाराची माणसं आहेत का?

लेथवाला: दोन पेंटर, अधूनमधून. ते पण मोजायचे?

सुमेधा: मोजायचे. तारीख कदाचित आणखी मागे जाईल. ते कधी आले याची हजेरी काढा, मग बोलू.

लेथवाला: हजेरी ठेवलीच नाही.