मदत हवी आहे: ‘पुढच्या शुक्रवारी’ म्हणजे नक्की कोणती तारीख?

खटपट्या: बहिणीच्या दातांच्या दवाखान्यासाठी पेशंटचे मेसेज वाचून तारीख काढणारी पायथन स्क्रिप्ट लिहितोय. बुधवारी, १२ नोव्हेंबर २०२५ ला मेसेज आला, “पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी जमेल का?” माझा कोड असा:

```python
date(2025,11,12) + relativedelta(weekday=FR)
# 2025-11-14
```

बहीण म्हणते २१ तारीख, १४ हवी असती तर ‘या शुक्रवारी’ म्हटलं असतं. काय धरू?

सोलापूरकर: सोप्पंय. ‘या’ किंवा ‘येत्या’ असेल तर पहिला शुक्रवार, ‘पुढच्या’ असेल तर त्यात सात दिवस मिळवा.

जुनी_खोडं: बुधवारी चालेल, रविवारी फसेल. १६ तारखेच्या रविवारी कुणी ‘पुढच्या शुक्रवारी’ म्हटलं, तर तुमच्या हिशेबाने २८ येते. पण ज्याचा आठवडा सोमवारी सुरू होतो, त्याच्या डोक्यात २१ असते. आणि खटपट्या, तुमची ही ओळ शुक्रवारीच चालवलीत तर त्याच दिवसाची तारीख परत देईल. ते नको असेल तर `days=+1` पण घाला, म्हणजे मोजणी उद्यापासून होईल.

मीनल_ठाणे: माझ्या एक्सेलमध्ये ०५/११ चं ११ मे होतं, तेही यानेच सुटेल का?

जुनी_खोडं: नाही ताई, तो दिवस-महिन्याच्या क्रमाचा घोळ. वेगळा धागा काढा.

खटपट्या: आणि ‘परवा’? सध्या सरळ दोन दिवस मिळवतोय.

जुनी_खोडं: क्रियापद बघा. “परवा येते” पुढचं, “परवा येऊन गेले” मागचं. “परवाची फी किती?” यात क्रियापदच नाही, तिथे कोडने गप्प बसावं. दुसरं, सर्व्हर यूटीसीवर आहे का? गुरुवारी रात्री साडेबाराला आलेला मेसेज तिथे बुधवारी संध्याकाळी सातचा दिसतो, म्हणजे ‘परवा’ शनिवारऐवजी शुक्रवार होतो. आधी `Asia/Kolkata` मध्ये आणा, मग मोजा. तरीही रात्री साडेबाराला ‘उद्या’ म्हणणारा बहुतेकदा झोपून उठल्यावरचा दिवस म्हणत असतो, त्याला टाइमझोन काही करू शकत नाही.

सोलापूरकर: हे खरंय. आणि ‘आठ दिवसांनी या’ म्हटलं की आमच्याकडे तोच वार, म्हणजे सातच दिवस. पंधरा दिवसांचे चौदा.

खटपट्या: बापरे, मी आठला आठच मिळवत होतो! बरं, मग दोन अर्थ निघाले की स्क्रिप्टने उलट विचारायचं: “शुक्रवार १४ की शुक्रवार २१?” बहिणीला भीती आहे की आजीमंडळी त्याला उत्तरच देणार नाहीत.

जुनी_खोडं: नाही दिलं तर फोन करा. दोन्ही शुक्रवार अडवून ठेवू नका.

सोलापूरकर: एक दिवस अडवला तर काय बिघडतं?

खटपट्या: संध्याकाळी खुर्ची एकच आहे हो.